टाइमशीटमधले सहा तास

वाचकाचे पत्र

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एफ-१ व्हिसावर. ग्रंथालयाच्या काउंटरवर आठवड्याला १२ तास काम करते, तासाला १४ डॉलर मिळतात. बाबांच्या आजारपणात घरी बाजूला ठेवलेले पैसे संपले आणि या सत्राच्या फीत ३,२०० डॉलर कमी पडत आहेत. सत्र सुरू होऊन चार दिवस झाले आहेत, फी भरायला चार आठवडे आहेत. घरी अजून काही बोलले नाही. लवकर मोकळी व्हावे म्हणून मी या सत्रात १२ क्रेडिट घेतली आहेत (क्रेडिटला ९०० डॉलर). पुढच्या सत्रात ६ उरतील, त्याचे पैसे कर्जाच्या शेवटच्या हप्त्यातून येतील. आमचे सुपरवायझर टाइमशीट न बघताच मंजूर करतात. सोबतची एक जण सर्रास जास्त तास लिहिते. मीही १२ च्या जागी १८ लिहिले तर मर्यादा २० चीच आहे, म्हणजे व्हिसाचा प्रश्न येत नाही. शिवाय काउंटर बंद करताना रोज अर्धा तास जास्त जातो, त्याचे पैसे मिळत नाहीतच. या पंधरवड्याच्या शीटमध्ये दोन तास जास्त भरून ठेवले आहेत, पण ‘सबमिट’ केलेले नाही. काय करू?

उत्तर

फीची आणि विषय सोडण्याची अशा दोन्ही तारखा तोंडावर असल्यामुळे यातले तातडीचे मुद्दे तुम्हाला आधीच इमेलने कळवले होते. इथे ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशा अर्थाची पत्रे दर सत्राच्या सुरुवातीला येतात.

आधी हिशेब मांडू या, कारण तुमच्या पत्रात एवढी एकच गोष्ट केलेली दिसत नाही. सहा खोटे तास म्हणजे आठवड्याला ८४ डॉलर. फीच्या तारखेपर्यंतच्या चार आठवड्यांत ते जास्तीत जास्त ३३६ होतात, आणि पगार पंधरवड्याने होत असेल तर दुसऱ्या पंधरवड्याचा पगार बहुधा ती तारीख उलटल्यावरच हातात येईल. पंधरा आठवड्यांचे पूर्ण सत्र धरले तरी कर कापण्याआधी १,२६० डॉलर होतात. ज्या ३,२०० साठी हे करायचे, त्यांच्या निम्मेही त्यातून निघत नाहीत. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. तुम्ही १२ तास काम करता आणि नियम २० तासांची परवानगी देतो, म्हणजे खरोखर करता येतील असे आठ तास अजून शिल्लक आहेत. ते खोट्या सहापेक्षा जास्त आहेत. तुमच्या मनात जो बेत आहे, तो प्रामाणिक मार्गापेक्षा कमी पैसे देणारा आहे.

दुसरी गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे की २० च्या आत राहिले की व्हिसाचा प्रश्न येत नाही. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करायचे नाही, हा नियम १८ तासांनी मोडत नाही, इतपत तुमचे म्हणणे बरोबर आहे. पण तुमचा एफ-१ दर्जा उभा आहे तो तुमच्या प्रवेशावर. न केलेल्या कामाचे पैसे घेणे ही विद्यापीठाच्या दृष्टीने मालकाची फसवणूक आहे, आणि तुमच्या बाबतीत मालक आणि शिक्षणसंस्था एकच आहेत. त्यामुळे नोकरी जाणे आणि पैसे परत करावे लागणे एवढ्यावर प्रकरण थांबेलच असे नाही. ते विद्यार्थी शिस्त समितीपुढे जाऊ शकते. तिथे निलंबन झाले तर प्रवेश खंडित होतो, प्रवेश खंडित झाला की सेव्हिस या सरकारी नोंदप्रणालीतली तुमची नोंद संपवली जाते, आणि दर्जा असा गमावलेल्या विद्यार्थ्याला पदवी पूर्ण करणाऱ्यांना देश सोडण्याच्या तयारीसाठी मिळणारे ६० दिवस मिळत नाहीत. म्हणजे २० तासांचा नियम न मोडताही व्हिसा जाऊ शकतो.

ज्यांच्या खऱ्या तासांत खोटे मिळवून बेरीज २० च्या वर जाते, त्यांची अवस्था याहून विचित्र होते. समजा एखाद्याने १८ तास काम करून २४ लिहिले. कागद सांगतो की त्याने नियम मोडला. त्यातून सुटायचे तर ‘मी ते सहा तास काम केलेच नव्हते’ असे म्हणावे लागते, आणि ते म्हटले की फसवणूक कबूल होते. कोणतेही उत्तर दिले तरी तोटाच. आणखी एक गैरसमज इथेच सांगून टाकते. टाइमशीट पंधरवड्याची असते, म्हणून पुष्कळ जण दोन आठवड्यांत ४० असा हिशेब करतात. मर्यादा प्रत्येक आठवड्याची स्वतंत्र आहे. एका आठवड्यात २३ आणि दुसऱ्यात १७ हे चालत नाही. दोन विभागांत काम असेल तर दोन्हींची बेरीज धरली जाते.

सुपरवायझर बघत नाहीत, याबद्दल. सहीच्या वेळी ते बघत नसतीलही. पण ग्रंथालयात शिफ्टचे वेळापत्रक असते, काउंटरच्या संगणकावर कोण कधी लॉग-इन झाले याची नोंद असते, मागच्या दाराला कार्ड असेल तर त्याची असते. या नोंदी रोज कोणी ताडून पाहत नाही. त्या पाहिल्या जातात त्या एका विशिष्ट वेळी, विद्यार्थी-कामगारांच्या वेतनासाठी विभागाला ठरवून दिलेली रक्कम सत्राच्या मध्यावरच संपत आली की. मग हिशेब पाहणारी व्यक्ती ‘इतके तास कुणी केले’ असे विचारते आणि एकाच्या नव्हे, सगळ्यांच्या शीट वेळापत्रकाशेजारी ठेवल्या जातात. तुमची सोबतीण हेच करते आहे हे तुम्हाला दिलासा देणारे वाटते. मला त्यात तुमचा धोका वाढलेला दिसतो.

आता तुमच्या पत्रातला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो, रोज बंद करतानाचा अर्धा तास. तुमच्या मनात या दोन गोष्टींची सांगड बसली आहे. माझे पैसे बुडतात, म्हणून मी थोडे जास्त लिहिले तर फिट्टंफाट होईल, असे काहीसे. ही सांगड आधी सोडवू या, कारण अर्ध्या तासाच्या बाबतीत तुमची बाजू पूर्ण खरी आहे. अमेरिकेच्या १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टनुसार तासावर काम करणाऱ्याने मालकाला माहीत असताना केलेले काम हे वेतनपात्र काम आहे. काउंटरचे पैसे मोजणे, परत आलेली पुस्तके ट्रॉलीवर लावणे, दिवे बंद करून दार लावणे हे सगळे त्यात येते. आठवड्यात बंद करण्याच्या तीन पाळ्या असतील तर दीड तास, म्हणजे २१ डॉलर. हे तास तुम्ही लिहायलाच हवेत, आणि ते लिहिले की तुमचे १२ तास प्रत्यक्षात साडेतेरा होतात. एवढेच नव्हे, २० ची मर्यादा मोजतानाही ते साडेतेराच धरायचे, कारण मर्यादा कामाची आहे, मिळालेल्या पैशांची नाही. ‘पैसे मिळत नाहीत म्हणजे ते तास मोजले जात नाहीत’ असे समजून बिनपगारी जादा काम करणारी मुले स्वतःच्याही नकळत मर्यादा ओलांडतात.

तेव्हा आज करायचे काम असे. ती शीट उघडा. त्यात भरलेले दोन तास काढा आणि त्याच पंधरवड्यातल्या बंद करण्याच्या पाळ्यांचे खरे अर्धे तास, ज्या त्या तारखेसमोर, भरा. शेरा लिहिण्याची जागा असेल तर ‘काउंटर बंद करण्याचे काम, रात्री १० ते १०.३०’ इतके लिहा. मग सुपरवायझरना दोन ओळींची इमेल पाठवा की आतापर्यंत हा वेळ लिहिला जात नव्हता, यापुढे लिहायचा की पाळीची वेळ बदलायची ते सांगावे. कदाचित ते पाळीच अर्ध्या तासाने आधी संपवतील. तेही ठीकच, निदान फुकटचे काम थांबेल. मागच्या सत्रातल्या अशा तासांच्या तारखा तुमच्याकडे असतील तर त्याही मागता येतात, पण आठवून अंदाजाने लिहू नका, वेळापत्रकावरून काढा.

तुमची शीट अजून सबमिट झालेली नाही हे बरे आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची झाली असेल आणि प्रश्न एखाद्या पंधरवड्याचा असेल, तर स्वतःहून सुपरवायझरना ‘या शीटमध्ये तास चुकीचे गेले आहेत, दुरुस्त शीट द्यायची आहे’ असे लेखी कळवावे. जादा रक्कम पुढच्या पगारातून वळती करून घेता येते. प्रकार कित्येक महिने चालला असेल तर मात्र आधी विद्यापीठाच्या विद्यार्थी कायदा-साहाय्य कक्षात किंवा इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावे आणि मगच काही लिहून द्यावे, कारण त्या कबुलीचे परिणाम वेतनापुरते राहत नाहीत.

आता ३,२०० डॉलरकडे वळू. तुम्ही १२ क्रेडिट घेतली आहेत, त्यामुळे या सत्राची फी १०,८०० झाली आणि तुमच्याजवळ ७,६०० आहेत. तुमची १८ क्रेडिट उरली होती; ती तुम्ही १२ आणि ६ अशी वाटलीत. ती ९ आणि ९ अशी वाटली तरी पदवी त्याच दोन सत्रांत पूर्ण होते. लवकर मोकळे होण्याचा जो हेतू होता, तो १२ घेऊनही साधत नाही, फक्त शेवटचे सत्र थोडे हलके जाते. पुष्कळ विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्याला पूर्णवेळ धरले जाण्यासाठी ९ क्रेडिट पुरतात. तुमच्याकडे तसे असेल तर एक विषय आता सोडून पुढच्या सत्रात घेतला की या सत्राची फी ८,१०० होते आणि तूट ३,२०० वरून ५०० वर येते.

हे करण्याआधी चार गोष्टी तपासा. पहिली, तुमच्या विभागात फी खरोखर क्रेडिटवर आकारली जाते का. काही ठिकाणी ९ ते १५ क्रेडिटला एकच ठोक रक्कम असते आणि मग विषय सोडून काहीच वाचत नाही. दुसरी, पूर्ण परताव्यासह विषय सोडण्याची अंतिम तारीख. ती फीच्या तारखेच्या बरीच आधी, बहुधा पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच असते आणि ती गेली की परतावा दर आठवड्याला घटत जातो. चार आठवडे हातात आहेत हा तुमचा समज म्हणूनच मला धोक्याचा वाटला. तिसरी, तो विषय पुढच्या सत्रात शिकवला जाणार आहे का. काही विषय वर्षातून एकदाच असतात, तेव्हा दोन्ही सत्रांत असणारा विषय सोडायला निवडा. चौथी, इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओंना, म्हणजे तुमच्या आय-२० ची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांना, विषय सोडण्याआधी विचारा. पूर्णवेळच्या खाली जायला पैशांची अडचण हे मान्य कारण नाही, त्यामुळे ९ चा आकडा तुमच्या अभ्यासक्रमाला लागू आहे याची खात्री त्यांच्याकडूनच, शक्यतो लेखी, करून घ्या. एका क्रेडिटने जरी खाली गेलात तरी दर्जा धोक्यात येतो.

उरलेल्या ५०० साठी फी कार्यालयात हप्त्यांची योजना विचारा. नोंदणीचे थोडे शुल्क लागते, पण थकबाकीमुळे पुढच्या सत्राची नोंदणी अडकण्यापेक्षा ते स्वस्त पडते. आणि ग्रंथालयात किंवा दुसऱ्या विभागात जादा पाळ्या मागा. बंद करण्याचा दीड तास धरून तुमचे साडेतेरा होतात, त्यामुळे आठवड्याला साडेसहा तासांची जागा उरते. दीड तासाचे आता मिळू लागलेले पैसे मिळवले की आठवड्याला ११२ डॉलर वाढतात, पंधरा आठवड्यांत १,६८०. त्यातून ५०० फेडून जानेवारीसाठी साधारण हजार-अकराशे मागे राहावेत. कराने त्यातले काही जातील. जानेवारीत पुढे ढकललेल्या विषयाचे २,७०० लागणार आहेत. हिवाळी सुटीत, पुढच्या सत्रासाठी तुमची नोंदणी होणार असेल तर, कॅम्पसवर पूर्णवेळ काम करता येते. तीन आठवडे ४० तास मिळाले तर नेहमीच्या पगाराहून अकराशेच्या आसपास जास्त हाती येतात. पण सुटीत ग्रंथालय किती दिवस उघडे राहते आणि त्यांना माणसे लागतात का, हे ऑक्टोबरमध्येच विचारून ठेवायला हवे. सगळे जुळून आले तरी काहीशे डॉलर कमी पडतील. ती दरी मला दिसते आहे आणि ती झाकून सांगण्यात अर्थ नाही.

जाता जाता, पगाराची पावती एकदा नीट पाहा. एफ-१ वर आलेल्या विद्यार्थ्याच्या कॅम्पसवरच्या पगारातून पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांत साधारणपणे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात होत नाही. ती होत असेल तर शंभर डॉलरमागे साडेसात डॉलरहून जास्त विनाकारण जात आहेत. पे-रोल विभागात जाऊन ते दुरुस्त करून घ्या.

जानेवारीत कमी पडणाऱ्या त्या काहीशे डॉलरसाठी दोन मार्ग आहेत. विद्यार्थी कल्याण कार्यालयाकडे आणीबाणीचा निधी किंवा छोटे बिनव्याजी कर्ज असू शकते. त्यातला सरकारी मदतीशी जोडलेला भाग तुम्हाला मिळणार नाही, पण विद्यापीठाचा स्वतःचा निधी पुष्कळदा सर्वांना खुला असतो. अर्ज करताना नेमका हाच प्रश्न विचारा. दुसरा मार्ग कमी लोकांना माहीत आहे. एक पूर्ण शैक्षणिक वर्ष एफ-१ वर झालेल्या विद्यार्थ्यावर अनपेक्षित कारणाने तीव्र आर्थिक संकट आले असेल, तर डीएसओंच्या शिफारशीने कॅम्पसबाहेर काम करण्याची परवानगी मागता येते. अर्ज आय-७६५ या फॉर्मवर करायचा असतो. पालकांच्या आर्थिक स्थितीत अचानक झालेला बदल, आजारपणाचा खर्च, चलनाच्या दरातली मोठी घसरण ही कारणे नियमांतच उदाहरणादाखल दिलेली आहेत. कॅम्पसवरचे काम पुरेसे नाही हे दाखवावे लागते, अभ्यासात प्रगती समाधानकारक असावी लागते, आणि परवानगी मिळाली तरी सत्र चालू असताना मर्यादा २० तासांचीच राहते. फायदा असा की काम कॅम्पसपुरते राहत नाही, चांगल्या दराचे शोधता येते. निर्णयाला महिने लागू शकतात आणि परवानगीचे कार्ड हातात येईपर्यंत बाहेर एक तासही काम करता येत नाही, त्यामुळे हा मार्ग या महिन्याच्या फीसाठी नाही, पुढच्या सत्रासाठी आहे. आणि हा सगळा अर्ज तुमच्या शब्दावर व नोंदींवर उभा राहतो. ज्या डीएसओंची शिफारस हवी, त्यांच्यासमोर संशयास्पद टाइमशीटचे प्रकरण आले तर ती शिफारस मागण्याला तोंड राहत नाही.

या अर्जाला कागद लागतील ते सगळे घरचे आहेत. बाबांच्या रुग्णालयाची बिले, आजारपणाआधीच्या आणि नंतरच्या शिल्लकीचे बँकेचे उतारे, कर्ज देणाऱ्या बँकेचे मंजुरीपत्र, आणि बाबांची किंवा आईची सही असलेले, काय घडले ते तारखांसह सांगणारे एक साधे पत्र. मराठीतले काही असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रासह, जोडावे लागते. म्हणजे घरी सांगणे आता टळत नाही. सांगताना ३,२०० चा आकडा सांगू नका, तो आता खरा राहिलेला नाही. विषय सोडून झाला की या सत्राला ५०० आणि जानेवारीला २,७०० असे सांगा, त्यातले किती तुम्ही स्वतः उभे करणार आहात ते सांगा आणि मग कागदांची यादी पाठवा. बँकेत जाऊन वाढीव कर्ज मिळते का हे विचारायचे कामही त्यांच्यावर सोपवा. बहुतेक कर्जांत पालक सहकर्जदार असतात, त्यामुळे वाढीव रकमेच्या अर्जावर त्यांची सही लागेलच, आणि विद्यापीठाचे नवे खर्चपत्रक तुम्ही इंटरनॅशनल ऑफिसकडून त्याच भेटीत मागून घेतले तर बँकेत त्यांना रिकाम्या हाताने जावे लागणार नाही.